सहा पूर्णांक दोनवर कोणीच नाही

अकोल्याच्या पूर्णाकाठ शेती संशोधन केंद्रात एक चांगली रीत होती. कुठलंही पत्रक छापायला टाकायच्या आधी, ज्या गावात प्रयोग झाला त्या गावात ते एकदा दाखवायचं. आता चांगल्या रीतींचं असं असतं की दहातल्या नऊ वेळा त्या नुसत्या पाळल्या जातात. फ्लेक्स लागतो, चहा होतो, टाळ्या वाजतात, जीप परत येते. दहाव्या वेळी मात्र त्या खरोखर उपयोगी पडतात, आणि तेव्हा पाळणाऱ्याची पंचाईत होते.

उज्मा परवीनची ही पहिलीच वेळ होती आणि नेमकी तीच दहावी निघाली.

दर्यापूरपासून जीपने अर्ध्या तासावरच्या एरंडगावात गेल्या रब्बीत हरभऱ्याचा प्रयोग झाला होता. गाव खारपाण पट्ट्यातलं. काळीभोर माती, पण पोटात मीठ, आणि जमिनीखालचं पाणी असं की चूळ भरली तरी तोंड वाकडं व्हावं. म्हणून इथला हरभरा कोरडाच. जमिनीत उरलेल्या ओलीवर येईल तेवढा घ्यायचा. केंद्राने बारा शेतकरी निवडले आणि प्रत्येकाच्या वावरात शेजारी-शेजारी दोन तुकडे आखून दिले. एक नेहमीसारखा कोरडा. दुसऱ्याला फुलोऱ्यात स्प्रिंकलरने फक्त एक पाणी. बाकी बियाणं, खत, पेरणीचा दिवस, सगळं सारखं. काढणीला उज्मा स्वतः वजनकाटा घेऊन बाराही वावरांत फिरली होती. तिचे आकडे चोख होते, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तशी ती कोणाच्याच मनात नव्हती.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी समाजमंदिराच्या भिंतीवर फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरांत ‘एक पाणी, भरघोस घाटे’. घाटे म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा. खाली दोन रंगीत खांब. तपकिरी खांब कोरड्याचा, एकरी पाच क्विंटल. हिरवा खांब एका पाण्याचा, एकरी सहा पूर्णांक दोन. दोन्हींमध्ये वर चढणारा एक बाण. बाण छापखान्याने पदरचा घातला होता.

प्रकल्पाचे प्रमुख किशोर भालेकर सर उभे राहिले. मनाने चांगला माणूस, फक्त बोलायला लागला की स्वतःच्या आवाजावर खूश होणारा. “बारा शेतकऱ्यांची सरासरी आहे ही,” ते म्हणाले. “एका पाण्याने एकरी सव्वा क्विंटलच्या आसपास वाढ. दिवाळीआधी हे पत्रक तालुक्यातल्या घराघरात जाईल.”

खुशालराव पुढच्याच खुर्चीवर बसले होते. गावात पाणी वर जायचं असो की खाली, आधी खुशालरावांना विचारतं असं लोक म्हणत. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, “आमी तं ठरवलंच. या वर्षी आठ एकर हरभरा अन् आठी एकराले एक पाणी. बोअर हायेच.”

मागून पाच-सात जणांनी माना हलवल्या. कोणाकडे बोअर होती, कोणी शेजाऱ्याची घेणार होतं.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. “मॅडम, या चित्रात मी कोठी आहो?”

डोमाजी गावंडे. साठीला टेकलेले, अंगाने वाळलेले, आणि बोलणं मोजकं. बारांपैकी एक.

उज्मा हसून म्हणाली, “काका, तुमचा आकडा सरासरीत आहे ना. सगळ्यांचे मिसळूनच हा खांब झाला.”

“मिसळला म्हंजे नसल्यासारखाच झाला का? माह्या कोरड्या तुकड्यात पाच क्विंटल दहा किलो झाला. पाणी देल्ल्या तुकड्यात तीन क्विंटल चाळीस. तुमीच मोजला. अन् चित्र म्हंते वाढला.”

समाजमंदिरात हशा पिकला. खुशालराव मान न वळवता म्हणाले, “डोमाजी, तुनं पाणी देल्लं का शेळ्या सोडल्या रे वावरात?”

पुन्हा हशा. गेल्या मार्चपासून गावात हा विनोद चालू होता आणि अजून शिळा झाला नव्हता. सरकारी नाही तरी शहरातल्या लोकांनी हाताशी धरून शिकवलं आणि डोमाजीनं उलट करून दाखवलं, असा त्याचा मथितार्थ. भालेकर सरांनी सावरून घेतलं. “एखाद्या वावरात काहीतरी चुकतंच. म्हणून तर सरासरी काढतात.”

डोमाजींनी उज्माकडे एकदा पाहिलं. काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. पण त्यांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि ते पायऱ्या उतरून निघून गेले.

जीप सुटायला वेळ होता. सरांना खुशालरावांकडे चहाला नेलं, आणि उज्माला गोदाबाईंनी, म्हणजे डोमाजींच्या बायकोने, रस्त्यातच गाठलं. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर उज्माला सोपं गेलं असतं.

“बाई, एक इचारू? तुमाले त्याईनं फोन केला होता ना तवा?”

“कधी, काकू?”

“डिसेंबरात. तळ्यातलं पाणी सरलं होतं. मायासमोर केला. मंग म्हने, मॅडम म्हंतात चालते.” गोदाबाईंनी पदर नीट केला. “मले एवढंच पुसाचं होतं का तुमाले याद हाय का नाई. घरी ते बोलतच नाई त्याच्यावर.”

उज्माला त्या क्षणी खरंच आठवलं नाही. “बघते काकू,” असं काहीसं म्हणून ती जीपमध्ये बसली. आठवलं ते दर्यापूर सोडल्यावर, आणि आठवलं ते पुरतं आठवलं.

केंद्रात त्या दिवशी पाहुणे आले होते. तिच्या एका हातात पाहुण्यांची यादी, दुसऱ्या हातात फोन. डोमाजी सांगत होते की शेततळं आटलं, दोन बोटं गाळ उरलाय, बोअरचं पाणी देऊ का, पण ते पाणी आपल्याला माहीतच आहे. आणि ती म्हणाली होती, “द्या ना काका. एक पाणी तर द्यायचंच आहे, नाहीतर तुमचा प्लॉट बाद होईल.” फोन वीस-तीस सेकंदांचा असेल. मग तिने फॉर्म उघडला. त्यात रकाना होता, ‘पाणी दिले: होय/नाही’. तिने ‘होय’वर खूण केली. पाणी कुठलं, हा रकानाच नव्हता. फॉर्म अकोल्यात बसून केला होता, आणि अकोल्यात नळाला जे येतं त्याला पाणी म्हणतात. एरंडगावात गोडं पाणी आणि खारं पाणी हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि ही गोष्ट तिथे इतकी सर्वांना ठाऊक की कोणी ती फॉर्मवाल्याला सांगायला गेलं नाही. एकाने सांगितली होती. त्याला ती ‘द्या ना काका’ म्हणाली होती.

जीपमध्ये सर पुढच्या सीटवर खुशालरावांच्या चहाचं कौतुक करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रात सगळ्यांच्या आधी पोचली. आकड्यांची फाइल तीच होती, काही महिन्यांपूर्वी तिनेच भरलेली. चोवीस आकडे. तिने त्यांची सरासरी काढली होती, दोनदा तपासली होती, आणि त्या चोवीस आकड्यांकडे त्यानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. मोदक झाल्यावर सारणाकडे कोण बघतं!

केंद्राच्या पत्रकांची मांडणी करणारी गीतांजली आली तेव्हा उज्मा कालच्या फ्लेक्सची घडी टेबलावर पसरून बसली होती.

“काय गं, हे परत कशाला आणलंस?”

“तुझ्याकडे टिकल्या आहेत का?”

“सकाळी सकाळी?” म्हणत गीतांजलीने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. उज्माने पट्टीने मोजून तपकिरी खांबाच्या बाजूला बारा टिकल्या लावल्या. ज्याचा जेवढा एकरी उतारा, त्या उंचीवर त्याची टिकली. एकाच उंचीवर दोघं आले तर शेजारी-शेजारी. सगळ्या टिकल्या खांबाच्या डोक्याशी घोळका करून बसल्या. सगळ्यात खालची चार पूर्णांक चारवर, सगळ्यात वरची साडेपाचवर. म्हणजे कोरड्याची सरासरी पाच म्हटली तर कोणालाही राग यायचं कारण नव्हतं. पाचच्या आसपासच सगळं गाव होतं.

मग ती हिरव्या खांबाकडे वळली. पहिली टिकली सात पूर्णांक आठवर. दुसरी सातवर. तिसरी आठवर. खांबाच्या वर, रिकाम्या पांढऱ्या जागेत, एकामागून एक आठ टिकल्या बसल्या. सहा पूर्णांक नऊच्या खाली त्यातली एकही नाही. उरलेल्या चार टिकल्या खाली, खांबाच्या कमरेपाशी गेल्या. तीन पूर्णांक चार, तीन पूर्णांक सहा, तीन पूर्णांक आठ आणि तीन पूर्णांक नऊ.

गीतांजली वाकून बघत होती. तिचं शेतीचं शिक्षण नव्हतं, पण डोळे होते. “मग हा खांब सहा-दोनवर संपतो तिथे कोण आहे?”

“कोणीच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बारा जणांत एकालाही सहा-दोन झाला नाही. त्याच्या जवळपासही नाही. वर आठ जण, खाली चार जण, आणि मध्ये ओसाड. सहा-दोन फक्त आपल्या फ्लेक्सवर पिकला.”

उज्माने पेन घेऊन प्रत्येक शेतकऱ्याची कोरड्याची टिकली त्याच्याच पाण्याच्या टिकलीला रेघेने जोडली, कारण नुसत्या टिकल्यांवरून कोण कुठून कुठे गेला ते कळत नाही. आठ रेघा वर चढल्या. चार खाली उतरल्या. आणि उतरणारे काही कमकुवत वावरांचे नव्हते. कोरड्यात त्यातल्या तिघांचा उतारा पाचच्या वरच होता.

“डोमाजी एकटे नाहीत,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने फोन लावायला घेतले. त्या चौघांत सगळ्यात तरुण शिवम. त्याने दुसऱ्या रिंगला उचलला.

“शिवम, गेल्या वर्षी एक पाणी दिलंस ते कुठलं? तळ्याचं की बोअरचं?”

“बोअरचं. तळं आटलं होतं ना मॅडम, आमचं अन् डोमाजीकाकाचं एकाच वक्ती.”

“मग विचारलं का नाहीस?”

“इचारलं की. डोमाजीकाकाले इचारलं. ते म्हने, म्या मॅडमले फोन लावला होता, मॅडम म्हने द्या. मंग आमी तिघाइनंबी देल्लं. पानं कडानं जळून राहिली होती, पन म्हटलं तुमी सांगतलं तं असंन काही.” मग जरा थांबून तो म्हणाला, “काहून मॅडम, काही चुकलं का?”

‘नंतर सांगते’ म्हणून उज्माने फोन ठेवला. काल दारात डोमाजी का थांबले होते आणि का गप्प निघून गेले ते आता तिला कळलं. सगळं गाव त्यांना हसत होतं. त्यांनी नुसतं ‘मॅडमला विचारूनच केलं’ एवढं म्हटलं असतं तरी हशा तिच्याकडे वळला असता, तिच्या साहेबांसमोर. ते म्हणाले नाहीत. वर त्यांच्या शब्दावर आणखी तीन वावरं गेली होती, आणि तो बोजाही त्यांनीच उचलला होता. तिला रडू आलं. ती रडली, गीतांजलीने पाणी आणून दिलं, आणि मग तिने उरलेल्या आठांना फोन केले. आठही जणांनी तळ्याचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं गोडं पाणी दिलं होतं.

तरी फोनवरच्या बोलण्याला पुरावा म्हणता येत नाही. शनिवारी ती खारेपणा मोजायचं मीटर घेऊन एकटीच बसने गेली, जीप न मागता. या पावसात भरलेल्या तळ्यांत मीटरने शून्य पूर्णांक चारच्या आसपास दाखवलं. चारही बोअरींवर चारच्या वर, डोमाजींच्या बोअरला चार पूर्णांक सहा. दहापट. हरभऱ्यासारखं मिठाला नाजूक पीक, आणि तेही ऐन फुलोऱ्यात, पानांवरून फवारलेलं. डोमाजी वावरात होते. ती मीटर लावत असताना ते बांधावर उभे राहिले, पण काही बोलले नाहीत, आणि तिलाही त्या दिवशी धीर झाला नाही.

सोमवारी भालेकर सरांनी टिकल्यांचा फ्लेक्स पाहिला. ते खरे शास्त्रज्ञ होते, त्यामुळे एक मिनिटात सगळं त्यांच्या लक्षात आलं. आणि ते प्रकल्पप्रमुखही होते, त्यामुळे दुसऱ्या मिनिटाला त्यांना वाट सापडली.

“हे चार काढून टाक,” ते म्हणाले. “प्रयोगात तळ्याचं पाणी अपेक्षित होतं. यांनी नियम मोडला.”

“काढले तर सरासरी साडेसात होते, सर.”

“मग चांगलंच आहे की. खांब आणखी उंच.”

“आणि तो खांब बघून खुशालराव आठ एकरांवर बोअर चालू करतील. पत्रकात ‘एक पाणी’ लिहिलंय. कुठलं ते नाही.”

सर म्हणाले, “बरं, चौघांना ठेव. खांबावर चढ-उतार दाखवणारी उभी रेघ टाक. शास्त्रीय दिसेल.”

उज्माने तेही करून पाहिलं होतं. तिने कागद पुढे केला. “ही रेघ वर आठ पूर्णांक एकपर्यंत जाते आणि खाली चार पूर्णांक तीनपर्यंत. ते चौघं तिच्याही खालीच राहतात. आणि रेघ बघणाऱ्याला वाटतं की लोक खांबाच्या टोकाभोवती वर-खाली पसरलेत, मध्ये दाटी आणि कडेला विरळ. इथे मध्येच कोणी नाही, सर. दोन वेगळी गावं आहेत, आणि आपण त्यांच्या मधल्या नाल्यावर पाटी लावली.”

“चार वावरांवरून कायदा होत नाही, उज्मा.”

“नाही होत. म्हणून मी असं लिहा म्हणत नाही की बोअरच्या पाण्याने नेहमी एवढंच नुकसान होतं. ते पुढच्या वर्षी नीट तपासू. पण जे बारा जणांचं झालं ते बारा जणांचं दाखवू. खांब राहू देत. त्यांच्या बाजूला ठिपके टाकू, तळ्याचे वेगळ्या रंगात, बोअरचे वेगळ्या. बघणारा आधी स्वतःच्या पाण्याचा रंग शोधेल.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “पण त्या चौघांनी बोअरचं का दिलं? आपण तळ्याचं सांगितलं होतं.”

खोटं बोलायची तिची तयारी होती असं नाही, पण गप्प राहायची मात्र पुरेपूर सोय होती. शिवाय नोव्हेंबरात तिच्या नेमणुकीची मुदत संपत होती, आणि ती वाढवायची की नाही हे समोर चष्मा पुसणाऱ्या माणसाच्या हातात होतं.

“मी सांगितलं द्या म्हणून,” ती म्हणाली. “डोमाजींनी फोन करून विचारलं होतं. मी नीट ऐकलं नाही.”

सरांचा चेहरा उतरला. त्यांना राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. “हे तू आत्ता सांगतेस? फ्लेक्स लागल्यावर?”

“आठवलंच मला गुरुवारी, परत येताना.”

“लेखी दे,” ते म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत वळले. “आणि छपाई थांबव. फोनवर नको, तिथे जाऊन थांबव. तो गुलफाम फोनवर हो म्हणतो आणि मशीन चालूच ठेवतो.”

अमरावतीचा छापखाना गुलफामभाईंचा. उज्मा पोचली तेव्हा पहिला रीम मशीनवर चढतच होता. गुलफामभाईंनी नवा आलेख डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि खेदाने मान हलवली.

“मॅडम, ये क्या है? इतना साफ चित्र था. दोन खांब, एक बाण. आता लोक म्हणतील गुलफामच्या मशीनची शाई उडाली.”

“उडू द्या.”

“बाण तरी ठेवू?”

“बाण काढा, भाई. चार जण खाली गेलेत.”

“या अल्लाह,” गुलफामभाई म्हणाले, पण त्यांनी मशीन थांबवलं. जाताना त्यांनी विचारलं की बोअरचे लाल ठिपके जरा मोठे केले तर चालेल का, कारण त्यांच्या मेव्हण्याचं वावर खारपाणातच आहे आणि त्याचे डोळे अधू आहेत. उज्मा त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

पुढच्या गुरुवारी एरंडगावच्या त्याच समाजमंदिरात नवा फ्लेक्स लागला. या वेळी सर आले नाहीत. “तुझं तू निस्तर,” असं म्हणाले नाहीत, पण जीप दिली आणि स्वतःसाठी त्याच दिवशी अकोल्यात दुसरी मीटिंग काढली. मागच्या वेळच्यापेक्षा गर्दी जास्त होती. एकदा छापलेलं कोणी परत घेतं, ही गोष्ट गावाने फारशी पाहिलेली नव्हती.

उज्माने सरळ सांगायला सुरुवात केली. खांब म्हणजे बारा जणांचा उतारा एकत्र करून समान वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल तो. “पण उतारा असा वाटता येत नाही. ज्याचं त्याच्या खळ्यात. म्हणून हा प्रत्येक ठिपका एक माणूस आहे. निळे ज्यांनी तळ्याचं पाणी दिलं ते. लाल ज्यांनी बोअरचं.”

लोक पुढे सरकले. बारांतल्या किसनरावांनी वरच्या निळ्या ठिपक्यांत बोट ठेवलं. “आठवर मीच असीन. माह्याच तळ्याले पाणी जास्त होतं.” दुसऱ्याने सातवरचा आपला शोधला. ज्यांना कधी आलेख वाचता आला नव्हता ते स्वतःला शोधत होते आणि सापडत होते. शिवमने लाल ठिपक्यांपैकी एकावर बोट ठेवलं, आणि त्याला कोणी हसलं नाही, कारण शेजारी आणखी तीन होते.

खुशालराव मात्र ठिपक्यांकडे बघत नव्हते. ते रंगांकडे बघत होते. “म्हंजे बोअरवाले सारेच खाली?”

“चारही. तुमच्या बोअरचं पाणी मोजल्याशिवाय मी तुम्हाला द्या म्हणणार नाही.”

“पन मंग याइनं देल्लं काहून? खारं पानी हरबऱ्याले! लहान लेकरू सांगन.” गेल्या आठवड्यात हेच पाणी आपण आठ एकरांना द्यायला निघालो होतो, हे खुशालराव सोयीने विसरले होते. त्यांना आपले आठ एकर वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण सवयीने ते दाराकडे वळले. “डोमाजी, तुले तं मालूम होतं ना रे?”

डोमाजी दाराजवळ उभे होते. आजही ते बोलणार नव्हते, हे उज्माला दिसलं.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज तिला हवा तेवढा ठाम निघाला नाही. “म्हणून त्यांनी मला फोन केला. तळं आटलं, बोअरचं पाणी आपल्याला ठाऊक आहे, देऊ का, असं विचारलं. मी दुसऱ्या कामात होते. मी म्हटलं द्या, नाहीतर प्लॉट बाद होईल. माझ्या शब्दावर त्यांनी दिलं आणि त्यांच्या शब्दावर या तिघांनी. चूक माझी. हसायचं असेल तर मला हसा.”

कोणी हसलं नाही. खुशालरावांनी घसा खाकरला आणि छताच्या पंख्याकडे पाहिलं. बायकांच्या बाजूला गोदाबाईंनी पदराने डोळे पुसले.

डोमाजी हळूहळू फ्लेक्सपाशी आले. सगळ्यात खालचा लाल ठिपका त्यांना शोधावा लागला नाही.

“हा मी.”

“हो काका.”

“माहं नाव लिवा याच्यापाशी.”

“काका, पत्रकात नावं घालत नाही आम्ही. आणि तुमचा ठिपका सगळ्यात खाली आहे. लोक तुम्हाला परत...”

“लोकाइले काई म्हनू द्या. इसरते लोक. ठिपका कोनाचा हाय ते कळलं तं मानूस घरी येऊन पुसते. म्या सांगीन त्याले पानं कशी जळली, किती रोजात जळली. नुसत्या ठिपक्याले कोन पुसन?” ते थांबले. “लिवा तुमी.”

उज्माने मार्कर काढला. तीन पूर्णांक चारच्या लाल ठिपक्याशेजारी तिने लिहिलं, ‘डोमाजी गावंडे’. मार्कर तिच्या हातातच राहिला. मग तिने त्याच ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत पुढे लिहिलं, ‘बोअरचं पाणी. द्या म्हणून सांगणारी: उज्मा परवीन’.

डोमाजींना वाचायला वेळ लागला. ते एकेक शब्द ओठ हलवत वाचत गेले आणि शेवटच्या नावापाशी थांबले.

“हे काहून लिवलं?”

“तिथे मीही आहे, काका,” उज्मा म्हणाली.